धास्ती

द्वितीय वर्ष कला

मागून कुणीतरी दगड मारला असेच मला वाटले. पळता पळता मी मागे वळूनही पाहिले. मागे कुणीच नव्हते. बचावपटू चांगला चार-पाच पावलांवर होता. मग उजवा पाय टेकेना, आणि मी शाहू स्टेडियमच्या त्या धुळीत बसलो. जानेवारीची बारा तारीख, उपांत्य सामना, आम्ही एक गोलने पुढे. लांब टाकलेल्या चेंडूमागे मी उजव्या बगलेने सुटलो होतो. "शीर धरली, शीर धरली," असे म्हणत दोघांनी मला उचलून बाहेर नेले.

कोल्हापुरात पेठेच्या संघातून खेळणाऱ्या पोराला काय दुखते आणि त्यावर काय करावे, हे त्या पोराखेरीज सगळ्यांना ठाऊक असते. त्याच संध्याकाळी तालमीतल्या एका जाणत्यांनी कोमट तेलाने मांडी चांगली रगडली. मी दात आवळून पडून राहिलो. तीन दिवसांनी मांडीच्या मागे गुडघ्यापर्यंत काळेनिळे उतरले, आठव्या दिवशी मी सरळ चालू लागलो आणि बाराव्या दिवशी सरावाला गेलो. चालता येते म्हणजे बरे झाले, असा सरळ हिशेब. हळू पळालो, काही झाले नाही. जोरात पळालो, आणि पुन्हा तोच दगड.

तेव्हा कुठे एका मित्राच्या ओळखीने मी खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला पालथे झोपवले, बैठकीच्या हाडापासून खाली बोटांनी दाबत आले आणि जिथे मी ओरडलो तिथे पेनाने खूण केली. तपासणीनंतर कागदावर इंग्रजीत पाच टप्पे लिहून दिले. त्यात तारीख फक्त पहिल्या टप्प्याला होती. पुढच्या प्रत्येक टप्प्याखाली एक रेघ ओढून एकेक अट लिहिली होती. मी विचारले, "सर, फायनल चौतिसाव्या दिवशी आहे. तोवर होईल ना?" ते म्हणाले, "कॅलेंडर भिंतीवर असतं. मी पाय बघतो."

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील गुळाच्या अड्ड्यावर हमाल आहेत. त्यामुळे इंग्रजीत काही लिहिलेले घरात आले की ते मी मोठ्याने वाचायचे आणि मराठीत सांगायचे, ही रीत. वीजबिलापासून या कागदापर्यंत तीच. त्या रात्री मी तो कागद शब्दकोश घेऊन वहीत उतरवला आणि उतरवतानाच मला पहिल्यांदा कळले की माझ्या मांडीत नेमके झाले काय.

मांडीच्या मागे जे तीन लांब स्नायू आहेत त्यांतला बाहेरच्या बाजूचा माझा फाटला होता. पूर्ण तुटला नव्हता, काही तंतू गेले होते. मला वाटत होते की जमिनीला लाथ मारून पुढे उसळताना तो फाटला असेल. तसे नसते. भरधाव पळताना पाय हवेत पुढे फेकला जातो आणि टाच टेकण्याच्या जरा आधी या स्नायूला तो फेकलेला पाय आवरायचा असतो. म्हणजे एकीकडे तो ताणला जात असतो आणि त्याच वेळी ब्रेक लावत असतो. तिथेच तो फाटतो. म्हणून चालताना त्याची परीक्षा होतच नाही. हळू पळतानाही फारशी नाही. माझा बाराव्या दिवसाचा हिशेब कुठे चुकला ते हे.

वडिलांना मी हे सांगितले. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हंजी पोतं उचलताना न्हाई, पोतं खाली ठेवताना." मला याहून चांगले भाषांतर जमले नसते.

पहिला टप्पा पाच दिवसांचा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पट्टी, आखूड पावले टाकत थोडे चालणे, आणि झोपल्या झोपल्या टाच गादीत दाबून पाच सेकंद धरणे, दहा वेळा. तेल नाही, चोळणे नाही, ओढून ताणणे नाही. पलीकडे जाण्याची अट एकच होती : न लंगडता चालणे. आमच्या जाणत्यांना मी हे सांगितले नाही. ते तेलाची बाटली घेऊन आले तेव्हा अभ्यास आहे म्हणून मी आतच बसलो.

दुसऱ्या टप्प्यातले तीन व्यायाम स्वीडनचे. कार्ल आस्कलिंग नावाच्या संशोधकाने ते बसवले आहेत. त्यांनी 2013 साली तिथल्या फुटबॉलपटूंवर केलेला अभ्यास छापला. जे स्नायू ताणलेला ठेवून व्यायाम करत होते ते सरासरी 28 दिवसांत संघाच्या पूर्ण सरावाला परतले; नेहमीचे व्यायाम करणाऱ्यांना 51 दिवस लागले. पहिल्या व्यायामात उताणे झोपून मांडी दोन्ही हातांनी उभी धरायची आणि गुडघा हळूहळू सरळ करत दुखण्याच्या अलीकडे थांबायचे. बारा-बाराच्या तीन फेऱ्या, रोज दोनदा. दुसऱ्यात दुखऱ्या पायावर उभे राहून विहिरीत सूर मारल्यासारखे पुढे वाकायचे, एक दिवसाआड. तिसरा मला फार आवडला. एका हाताने आधार धरून सगळा भार दुखऱ्या पायाच्या टाचेवर द्यायचा आणि दुसरा पाय मोजा घालून मागे घसरवत न्यायचा. परत वर येताना मात्र हातांच्या जोरावर यायचे, दुखऱ्या पायाने ओढायचे नाही. हा तीन दिवसांतून एकदाच, चारच्या तीन फेऱ्या. आमच्या स्वयंपाकघरातली फरशी त्याला उत्तम. आई म्हणायची, "घसरतोयसच तर खाली फडकं धर, फरशी तरी पुसून निघंल."

तिसरा टप्पा पळण्याचा. वीस मीटर वेग वाढवायचा, चाळीस मीटर तो टिकवायचा, वीस मीटर कमी करत आणायचा. आधी निम्म्या वेगाने, मग जरा जास्त, असे चढत जायचे. पण जोराचे पळणे लागोपाठ दोन दिवस नाही. येथे डॉक्टरांनी कागदावर एक वाक्य दोनदा अधोरेखित केले होते : उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळते. पळताना काही वाटले नाही याला किंमत नाही. सकाळी उठून वाकल्यावर मांडी कालच्यापेक्षा आखडली असेल तर एक पायरी खाली यायचे. मी एकदा खाली आलो. मोबाईलच्या घड्याळात वेळ चांगली आली म्हणून हुरूप आला आणि ठरल्यापेक्षा चार फेऱ्या जास्त मारल्या. दुसऱ्या दिवशी चपलेचा अंगठा सरळ करायला वाकलो आणि कळले. तीन दिवस गेले.

चौथ्यात चेंडू आला, वळणे आली, लांब किक आली. पोरे सराव करत आणि मी बाजूच्या रेषेवर खुणेची दगडे ठेवून त्यांच्यामधून पळे. पूर्ण वेगाच्या धावाही याच टप्प्यात झाल्या. सरळ रेषेत, चेंडूशिवाय, अंगावर कुणी नसताना त्या निभावल्या.

आता पाचव्या टप्प्याकडे येतो, कारण खरे सांगायचे ते तिथलेच आहे. दुसऱ्या दुखापतीपासूनचा तिसावा दिवस. फायनल चार दिवसांवर. डॉक्टरांनी बोटांनी दाबले, दुखले नाही. पाय सरळ उचलला, दोन्हीकडे सारखा. मग पूल करायला लावला : उताणे झोपून एक टाच साधारण दोन फूट उंच खोक्यावर ठेवायची आणि कंबर वर उचलायची, जमेल तितक्या वेळा. डाव्या पायाने एकतीस, उजव्याने एकोणतीस. दोन आठवड्यांपूर्वी उजव्याने बावीस झाले होते. मी मनात जर्सी चढवली.

शेवटची चाचणी राहिली होती. वरची सगळी तपासणी स्वच्छ असेल तरच ही करतात. गुडघा वाकू नये म्हणून त्याला पट्ट्यांचा साचा बांधला, दुसरा पाय टेबलाला पट्ट्याने जखडला, आणि सांगितले की पाय सरळ ठेवून जितक्या जोरात आणि जितका उंच झटकता येईल तितका झटक. तीन वेळा. डाव्याने केले, मग उजव्याने केले.

"दुखलं?"

"नाही, सर." हे खरे होते.

"धास्ती वाटली?"

कागदावर इंग्रजीत जो शब्द होता त्याला मी वहीत आधी 'असुरक्षितता' लिहिले होते, मग खोडून 'धास्ती' केले होते. ती कशी असते हे मला चांगले ठाऊक होते. पाय वर जाताना अर्ध्यावर कुणीतरी मागून सदरा धरावा, तसे झाले होते. पण फायनल चार दिवसांवर होती. आदल्या रात्री पोरांनी बजावून पाठवले होते : "काय वाटत न्हाई म्हणून सांगायचं, बास."

"नाही, सर," मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. माझाच मोबाईल मागून घेतला, दोन्ही पायांचे चित्रीकरण केले आणि मला शेजारी बसवून सावकाश गतीने दाखवले. डावा पाय चाबकासारखा वर गेला होता. उजवा निघाला तसाच वेगाने, पण वरच्या टोकाआधी त्याने स्वतःच वेग कमी केला होता. मी तोंडाने नाही म्हटले तरी पायाने सांगून टाकले होते.

"हा पाय नव्वदाव्या मिनिटाला, चेंडू निसटत असताना, असाच थांबेल का?" त्यांनी विचारले. "तेव्हा थांबायला वेळ मिळत नाही." शिवाय पुन्हा फाटण्याचा धोका मैदानावर परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त, आणि माझे तर एकदा होऊन गेलेले. चार दिवसांनी परत ये, म्हणाले. चौथा दिवस म्हणजे फायनलचाच. मला वाटते त्यांना ते माहीत होते.

मी सकाळी गेलो. धास्ती जरा होतीच, आणि या वेळी मी ती सांगितली. दुपारी स्टेडियमच्या पायऱ्यांवर पेठेच्या माणसांत बसलो. आम्ही हरलो. माझ्या जागी खेळलेल्या पोराच्या पायातून शेवटच्या दहा मिनिटांत एक चेंडू निसटला. शेजारचा एकजण माझ्याकडे न बघता म्हणाला, "नुसतं चालताना तर बरा दिसतोय की." त्या आठवड्यात मी तालमीकडे फिरकलो नाही.

अडतिसाव्या दिवशी दोन्ही पाय सारखे झटकले गेले. किती सोपे होते ते! मग संघाबरोबर पाच पूर्ण सराव झाले आणि त्यानंतर मैत्रीच्या सामन्यात शेवटची पंचवीस मिनिटे मिळाली. त्यात एकदा चेंडू लांब पडला आणि मी सुटलो. चेंडू मिळाला नाही, बाहेर गेला. परत येताना माझ्या ध्यानात आले की पळताना मी मांडीचा विचारच केला नव्हता.

कागदाच्या तळाशी एक ओळ आहे, तिला शेवटची तारीख नाही : गुडघ्यांवर उभे राहायचे, कुणीतरी मागून घोटे दाबून धरायचे, आणि अंग ताठ ठेवून जमेल तितक्या सावकाश पुढे पडायचे. आठवड्यातून दोनदा, खेळत आहे तोवर. घोटे धरायला माझा धाकटा भाऊ बसतो. सातवीत आहे. मध्येच कंटाळून हात सोडतो आणि मी तोंडावर आपटतो, मग वडील त्याला ओरडतात आणि स्वतः येऊन धरतात. त्यांची पकड सुटत नाही.