सोयर आणि वाढप्याची पाळी

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान. शके १५३० (इ. स. १६०८) मध्ये रामनवमीसच त्यांचा जन्म झाला, त्यामुळे तेथे त्या दिवशी दुहेरी उत्सव. रामजन्म माध्यान्ही बारा वाजता. साहजिकच त्यानंतरची पंगतीची पाळी सर्वांत जड, आणि एके वर्षी तीच आमच्याकडे होती.

नवमीस सहा दिवस उरले असता आमच्या चुलतबंधूंस पुत्र झाला. सोयर दहा दिवसांचे. तेव्हा प्रसाद वाढणे आम्हांस शक्य नव्हते. अशा वेळी धाकट्या भावास पाठविण्याची सोयही उरत नाही, कारण सोयर साऱ्या भाऊबंदांस. माणूस दुसऱ्या कुळातलाच हवा. आम्ही भाच्याचा होकार घेतला आणि त्याच सायंकाळी व्यवस्थापकांस कळविले.

ते यादी पाहून म्हणाले, "अहो, तो तर दहापासून पाण्यावर आहे. लागोपाठ दोन पाळ्या कशा झेपतील?"

तथापि भाच्यास वाढपाचा क्रम ठाऊक होता. मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, हे त्यास सांगावे लागत नसे. पाणी देण्यास मात्र कोणीही चालतो. म्हणून भाचा पंगतीस घेतला आणि पाण्यावर आमचे शेजारी उभे राहिले. जाणत्याची जागा जाणत्याने भरावी, रिकामी जागा सोप्या कामाकडे सरकवावी.

दोन्ही नावे व्यवस्थापकांनी स्वहस्ते बदलली. परस्पर ठरलेली बदली यादीत न चढल्यास एका जागी दोघे येतात, दुसरी ओस राहते.