चौदा एप्रिलला संपणारं नाव

आपल्या चळवळीतल्या कितीतरी संस्थांच्या वेबसाईटचं नाव चौदा एप्रिलला नोंदवलेलं असतं. आमचंही तसंच आहे. डोमेनची मुदत नोंदणीच्या तारखेपासूनच मोजतात, त्यामुळे ते संपणारही त्याच दिवशी. नंदुरबारमध्ये त्या दिवशी आम्ही सगळे मिरवणुकीत असतो, आणि साईट उघडणारे लोकही त्याच दिवशी सर्वाधिक असतात.

यंदा बैठकीत प्रश्न आला तो पैशांचा. होस्टिंगची पहिली तीन वर्षं सवलतीत होती, पुढचा दर तिपटीहून जास्त. एका तरुण कार्यकर्त्याचं म्हणणं, "यूपीआयमधला ऑटोपे बंद करून टाका, विषय संपला." आम्हाला हे पटलं नाही. ऑटोपे रद्द केला की फक्त बँकेची परवानगी रद्द होते, कंपनीशी असलेला व्यवहार नाही. खात्यात दुसरं कार्ड साठवलेलं असेल तर कंपनी त्यातून पैसे घेऊ शकते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा कपातीची सूचना किमान 24 तास आधी यावी लागते, पण ती कार्डधारकाच्या मोबाईलवर जाते, आणि तो आता पुण्यात नोकरीला असतो.

त्यातही डोमेन आणि होस्टिंग ही दोन वेगळी खाती आहेत. डोमेन म्हणजे दारावरची पाटी, होस्टिंग म्हणजे आतली खोली. दोन्हींच्या तारखा वेगळ्या असू शकतात, आणि `Auto-renew` चं बटणही प्रत्येकाचं स्वतंत्र असतं. आम्ही ठरवलं, खोली सोडायची, पाटी ठेवायची.

होस्टिंग सोडताना क्रम महत्त्वाचा. आधी फाइल्स आणि डेटाबेस दोन्ही उतरवून घ्यायचे, कारण लेखांचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो आणि नुसत्या फाइल्स घेतल्या तर फोटोच हाती राहतात. संस्थेचा ईमेल त्याच होस्टिंगवर असेल तर जुनी पत्रंही काढायची. मग `Auto-renew` बंद करायचं, पुष्टीचा ईमेल आला का ते पाहायचं आणि स्क्रीनशॉट ठेवायचा. हे काम मुदतीच्या महिनाभर आधीच झालेलं बरं, कारण काही कंपन्या पैसे मुदतीच्या दिवशी नव्हे, दोन-तीन आठवडे आधीच कापतात. मुदत संपल्यावर होस्टिंगवरचा मजकूर किती दिवस ठेवायचा, याला सर्वांना लागू असा नियम नाही. कंपनीच्या अटीत असेल तितकंच.

डोमेनचं तसं नाही. `.com` किंवा `.org` साठी जगभर ठरलेल्या पायऱ्या आहेत. समजा नाव 14 एप्रिलला संपलं. त्यानंतर जास्तीत जास्त 45 दिवस, म्हणजे 29 मेपर्यंत, ते नोंदणी कंपनीच्या ताब्यात राहू शकतं. या काळात बहुधा नेहमीच्या दरात नूतनीकरण होतं, पण कंपनी ही मुदत कमी ठेवू शकते आणि नाव लिलावातही काढू शकते. पुढचे 30 दिवस, 28 जूनपर्यंत, नाव सोडवता येतं, पण जबर दंड भरून. नंतरचे 5 दिवस कुणालाच काही करता येत नाही. 3 जुलैच्या सुमारास ते कुणालाही घेता येतं.

`lookup.icann.org` वर नाव टाकलं की यातली पायरी दिसते: `autoRenewPeriod`, मग `redemptionPeriod`, मग `pendingDelete`. इथे एक फसगत होते. मुदत संपताच वरची नोंदवही आपोआप तारीख एक वर्ष पुढे ढकलते, आणि लोकांना वाटतं, पैसे भरले गेले! नाव खरंच आपलं राहिलंय का, ते कंपनीच्या खात्यात शिरूनच कळतं.

"गेलं नाव तर गेलं, दुसरं घेऊ," असंही बैठकीत कुणी म्हणालं. त्याला आमचा विरोध होता. शिष्यवृत्ती आणि जात पडताळणीच्या आमच्या पत्रकांवर तोच पत्ता छापलेला आहे, आणि ती पत्रकं अक्कलकुवा-धडगावच्या वसतिगृहांतही चिकटवलेली आहेत. नाव घेणारा तिथे जुगाराची जाहिरात लावेल किंवा मुलांकडून कागदपत्रं मागेल. शिवाय त्या नावावर येणारे ईमेलही त्याला मिळतील. संस्थेच्या फेसबुक पेजला तोच ईमेल जोडलेला असेल, तर पासवर्ड बदलण्याची लिंक थेट त्याच्या हाती. नाव सोडायचंच असेल तर आधी प्रत्येक खात्यावरून तो ईमेल काढावा लागतो.

आणि हे फक्त गरीब संस्थांचं होतं असं नाही. डिसेंबर 1999 मध्ये मायक्रोसॉफ्टकडून `passport.com` चं शुल्क भरायचं राहिलं आणि हॉटमेलचं लॉगिन अडलं. मायकेल चेनी नावाच्या एका लिनक्स प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डाने 35 डॉलर भरले, तेव्हा ते सुरू झालं.

आम्ही डोमेनचं `Auto-renew` चालू ठेवलं, पण खात्यातला ईमेल बदलला. नियमाप्रमाणे सूचना साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी येतात, आणि नूतनीकरण झालं नाही तर मुदतीनंतर पाच दिवसांत पुन्हा एक. त्या आता एका माणसाच्या जुन्या कॉलेज ईमेलवर जात नाहीत, अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष दोघांनाही उघडता येणाऱ्या पत्त्यावर येतात. तो पत्ता मुद्दामच आमच्या डोमेनवरचा नाही, कारण डोमेन बंद पडलं तर त्याची सूचनाही त्याच्यासोबतच अडकली असती.