अर्जातली ‘आपली’ गाय

आम्ही दोघी बहिणी सिंदेवाही तालुक्यात वाढलो. घरात बोलणे आपले नेहमीचे, हिंदी-उर्दू मिसळलेले. शाळा मात्र मराठी. त्यामुळे मोहल्ल्यातले अर्ज लिहायचे काम लहानपणापासून आमच्याकडेच आले. रेशनकार्डाचा अर्ज असो, शाळेच्या दाखल्याचा असो की विजेच्या मीटरचा, कागद-पेन घेऊन लोक आमच्या ओट्यावर येत. आम्हाला वाटे, आमचे मराठी चांगले आहे. एका गाईने तो गैरसमज दूर केला.

आमचे चाचा जंगलाला लागून असलेल्या एका खेड्यात राहतात. त्यांची एकुलती एक दुभती गाय वाघाने मारली. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करायचा होता. चाचा हिंदीत सांगत होते. सोबत आलेले त्यांचे शेजारी काका झाडीबोलीत भर घालत होते. आम्ही ऐकत ऐकत मराठीत उतरवत गेलो. अर्ज असा झाला:

“महोदय, तुम्हाला कळवितो की, काल रात्री वाघाने आपली गाय मारली. सकाळी आपण जंगलाकडे गेलो तेव्हा गाय मेलेली दिसली. फोन केल्यावर वनरक्षक मॅडम आली होती व तिने फोटो काढले. तरी साहेब, पंचनामा लवकर करून दे व आपल्याला नुकसानभरपाई मिळावी ही विनंती.”

चाचा अर्ज घेऊन गेले आणि संध्याकाळी तसेच परत आले. कार्यालयातल्या बाबूंनी विचारले होते, “आपली म्हणजे कोणाची? गाय एकट्याची आहे की कोणासोबत अर्ध्या हिश्शाची?” आमच्या भागात गाय-बकरी हिश्शाने पाळतात, तेव्हा प्रश्न रास्तच होता. भरपाई मालकाला मिळते आणि मालक कोण, हेच अर्जातून कळत नव्हते. चाचांना मात्र दुसरीच गोष्ट लागली होती. बाबूंनी ‘करून दे’वर बोट ठेवून विचारले होते, “चाचा, साहेबांना अरे-तुरे करता का?” पोरासोरांनाही ‘आप’ म्हणणारा हा माणूस. त्यांच्या सहीखाली आम्ही तो शब्द लिहिला होता.

त्या रात्री आम्ही कंदिलासारखा दिवा जवळ घेऊन तो अर्ज शब्दाशब्दाने तपासला. चुका पाच-सहा दिसत होत्या, पण त्यांची मुळे तीनच निघाली.

पहिले मूळ आमच्या घरच्या बोलीत होते. चाचा म्हणाले होते, “शेर ने अपनी गाय मार दी.” आम्ही ‘अपनी’चे ‘आपली’ केले. शब्द जुळे दिसतात, पण अर्जात ‘आपण’ म्हणजे समोरचे साहेब. मग ‘आपली गाय’ म्हणजे साहेबांची गाय! आणि मराठीत ‘आपण’चा दुसरा अर्थ ‘मी आणि तुम्ही मिळून’ असाही होतो. म्हणून ‘आपल्याला भरपाई मिळावी’ याचा अर्थ साहेबांना मिळावी किंवा दोघांना मिळावी, असा होतो. ‘आपण जंगलाकडे गेलो’ यात तर साहेबही चाचांबरोबर गाय शोधायला निघाले. बोलताना हे चालून जाते, कारण माणूस समोर असतो, हात छातीवर ठेवून बोलतो. कागदाला हात नसतात. स्वतःबद्दल लिहिताना ‘मी, माझी, मला’ एवढेच लिहायचे; ‘आपण, आपली’ हे शब्द त्या अर्जापुरते साहेबांसाठी राखून ठेवायचे.

दुसरे मूळ शेजारी काकांच्या बोलीत होते. ते अगदी मायेने म्हणाले होते, “साहेब, पंचनामा करून देजो.” १९८२ साली गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला, तरी झाडीबोली दोन्हीकडे आहे, आणि तिच्यात बापाला, आजोबाला ‘तू’ म्हणण्यात कमीपणा नाही, उलट जवळीक आहे. आम्ही मात्र ‘देजो’ हे गावठी म्हणून ‘शुद्ध’ केले आणि ‘दे’ लिहिले. बोलीतली माया गेली, नुसता हुकूम उरला. इथे ‘तू’ हा शब्द कुठेच नव्हता, म्हणून आमच्या नजरेतून सुटला. तो क्रियापदात दडून बसला होता. ‘दे’मध्ये ‘तू’ आहे, ‘द्या’मध्ये ‘तुम्ही’ आहे, आणि ‘द्यावा’ ही अर्जाची रीत आहे.

तिसरे मूळ वनरक्षक मॅडमबद्दलच्या वाक्यात होते. हिंदीत “मॅडम आई थीं” म्हटले की शेवटच्या एका अनुस्वारात आदर मावतो. मराठीत तेवढ्याने भागत नाही. सगळे वाक्य बदलावे लागते. ‘आली होती, तिने’ याऐवजी ‘आल्या होत्या, त्यांनी’. साहेबांना ‘आपण’ आणि त्यांच्याच हाताखालच्या बाईंना ‘ती’, असे एका कागदावर शोभत नाही.

दुरुस्त केलेला अर्ज असा झाला:

“महोदय, आपणांस कळवितो की, काल रात्री वाघाने माझी गाय मारली. गाय माझ्या एकट्याच्या मालकीची आहे. सकाळी मी व माझे शेजारी जंगलाकडे गेलो तेव्हा गाय मृत आढळली. मी फोन केल्यावर वनरक्षक मॅडम आल्या होत्या व त्यांनी फोटो काढले. तरी आपण पंचनामा लवकर करून द्यावा व मला नुकसानभरपाई मिळावी, ही विनंती. आपला नम्र.”

‘काल’ खोडून तिथे तारीख घातली, कारण अर्ज आता एक दिवस शिळा झाला होता. सुरुवातीचे ‘तुम्हाला’ही बदलले. खरे तर ‘तुम्ही’ लिहिण्यात काही बेअदबी नाही. सगळा अर्ज ‘तुम्ही’वर चालला असता, फक्त मध्येच ‘आपण’वर उडी मारायला नको होती. वाचणाऱ्याला ती उडी खटकते, कारण दोन माणसांनी एक कागद लिहिल्यासारखा वाटतो. शेवटच्या ‘आपला नम्र’मधला ‘आपला’ मात्र बरोबर आहे: तो खरोखरच ‘तुमचा’ या अर्थाचा आहे.

तेव्हापासून आमची एक पारख ठरली आहे. अर्ज झाला की जिथे जिथे ‘आपण’, ‘आपली’, ‘आपल्याला’ आहे, तिथे मनात ‘तुम्ही’, ‘तुमची’, ‘तुम्हाला’ घालून मोठ्याने वाचायचे. ‘वाघाने तुमची गाय मारली’ म्हटले की चूक लगेच ओरडते. ‘तुम्ही जंगलाकडे गेलो’ तर जिभेवरच अडते. पण या पारखेत ‘दे’ सापडत नाही आणि मॅडमही सापडत नाहीत. म्हणून दुसऱ्यांदा वाचताना फक्त क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ ओढायची आणि प्रत्येकाला विचारायचे, हे कोणाला उद्देशून आहे? तिसऱ्यांदा अर्जात नाव आलेल्या इतर माणसांकडे पाहायचे.

दुसऱ्या दिवशी चाचांनी अर्ज घेण्याआधी तो आमच्याकडून दोनदा वाचून घेतला. ‘द्यावा’ आले तिथे थांबवून विचारले, “इसमें ‘आप’ है ना?” आम्ही ‘हो’ म्हटल्यावरच त्यांनी सही केली.