वेडा कोण, दुबळा कोण?

आपल्या पोरांना लहानपणीच कळतं, रडलास तर जग तुडवेल. जातीच्या समाजात तो कणखरपणा कामी आला. म्हणून समुपदेशन म्हटलं की दुबळेपणा वाटतो. माझा नवराही म्हणाला, "मी काय वेडा आहे?"

मी म्हटलं, "ऑफिसातला अपमान घरी अबोला होऊन येतो, त्यावर बोलायचंय. गोळ्या नाहीत. तीनदा जाऊ, नाही पटलं तर थांबू."

त्याची खरी शंका वेगळीच निघाली: जातीचं दुखणं समुपदेशकाला कळेल का? तो प्रश्न आम्ही फोनवरच विचारला. टाळाटाळ करणारी पहिली सोडली, नीट ऐकणारी दुसरी निवडली.

मात्र घरात मारहाण असेल तर जोडीने बसू नये. नवऱ्यासमोर बाईला खरं बोलता येत नाही.

दुःख आहे, हे मान्य करूनच तथागतांनी वाट दाखवली. मग आपण का लपवायचं?

जय भीम!