जो कागद कधी झालाच नाही

बिबवेवाडीच्या अप्पर इंदिरानगरात एका दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही तिघे कार्यकर्ते बसलो होतो. घरातल्या मुलाला इंजिनिअरिंगच्या राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी हवी होती. अर्ज त्रुटी काढून परत आला होता : १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा जोडा.

आम्ही मुलाच्या वडिलांवर चिडलो. "बाबासाहेबांनी हक्क मिळवून दिला, आणि तुम्हाला चार कागद सांभाळता आले नाहीत?" ते शांतपणे म्हणाले, "दादा, हरवला असता तर बोला. जो कागद कधी झालाच नाही, तो सांभाळायचा कसा?"

आम्ही गप्प झालो. त्या वाक्याने आम्हाला आजही सोडलेले नाही.

१० ऑगस्ट १९५० ही तारीख अनुसूचित जातींच्या राष्ट्रपती आदेशाची आहे. त्या दिवशी आपले कुटुंब आजच्या महाराष्ट्रात राहत होते आणि त्याच जातीचे होते, हे अर्जदाराने दाखवायचे असते. वडिलांचा शाळेचा दाखला पुण्यातला, १९७२च्या दुष्काळात कुटुंब इकडे आल्यानंतरचा. आजोबा बार्शी तालुक्यातले. ते शाळेत कधी गेले नाहीत, पाटलाची गुरे राखली. जमीन नव्हती, म्हणून सातबारा नाही. उरली कोतवाल बुकातली, म्हणजे गाव नमुना १४ मधली जन्मनोंद. तालुक्याच्या अभिलेख कक्षात त्या वर्षांची पाने हात लावताच तुटत होती, आणि त्यांतल्या वाचता येतील तेवढ्या पानांवर आजोबांचे नाव नव्हते.

नीतिशास्त्रात एक जुने तत्त्व आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांच्या नावाने ते ओळखले जाते : 'तू हे केले पाहिजे' असे म्हणायचे, तर ते त्याला करता आले पाहिजे. जे शक्यच नाही, त्याची मागणी करण्यात अर्थ नाही. कायद्यातही असेच एक सूत्र आहे की कायदा अशक्य गोष्टीची सक्ती करत नाही.

पण हे तत्त्व जसेच्या तसे घेतले तर आपणच अडचणीत येतो. 'पुरावा देणे शक्य नाही' म्हणताच जबाबदारी संपत असेल, तर खोटा दाखला काढणाराही तेच म्हणेल. आपल्या जागा अशाच लुटल्या गेल्या आहेत. १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्या आणि दक्षता पथक यांची चौकट घालून दिली, ती याच लुटीमुळे. पुढे महाराष्ट्राच्या कायद्याने पुराव्याचा भार अर्जदारावर टाकला. त्या पडताळणीला आमचा विरोध नाही.

म्हणून 'जमते का?' एवढेच विचारून भागत नाही. 'का जमत नाही?' हेही विचारावे लागते. उसने पैसे जुगारात उडवणाऱ्याला आज फेडता येत नाहीत, तरी त्याचे देणे संपत नाही, कारण ती असमर्थता त्याने स्वतः ओढवून घेतली. आजोबांची गोष्ट उलटी आहे. ज्या व्यवस्थेने त्यांना शाळेपासून आणि जमिनीपासून दूर ठेवले, तिनेच पुढे शाळेचा दाखला आणि सातबारा मागितला. जातीने जे हिरावले, तेच जातीचा पुरावा म्हणून मागायचे, असा हा प्रकार आहे.

मग मागणी रद्द होते का? आमच्या मते नाही, ती वाटली जाते. जे अर्जदाराच्या हातात आहे ते त्याने द्यावे : खरी वंशावळ, गावाचे नाव, नातेवाइकांची माहिती, प्रतिज्ञापत्र. जे त्याच्या हातात नाही, ते ज्याच्या हातात आहे त्याने करावे. दप्तरे सरकारची आहेत. गावात जाऊन गृहचौकशी करणे सरकारी यंत्रणेला जमते. तिथे 'पाहिजे' आणि 'शक्य आहे' दोन्ही एकत्र येतात, म्हणून कर्तव्यही तिथेच जाते.

या कुटुंबाचे काम शेवटी झाले. वंशावळ लिहिताना आजोबांचे एक चुलत भाऊ आठवले. गावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात १९४६ची त्यांची नोंद सापडली. जातीचा रकाना भरलेला होता, तिसरीत नाव कमी केले होते. वडिलांकडून रक्ताचे नाते असल्याने ती नोंद चालली आणि मुलाला प्रवेश मिळाला.

आम्ही पेढे खाल्ले, पण मनातून एक गोष्ट जात नव्हती. तो चुलत भाऊ तीन वर्षे शाळेत बसला, म्हणून हा मुलगा इंजिनिअर होणार. तोही गुरांमागे गेला असता, तर याची जात बदलली नसती, हक्क मात्र गेला असता.

आता वस्तीत दाखल्याचे काम करताना आम्ही 'कागद का नाहीत?' असे दटावून विचारत नाही. वहीत दोन रकाने आखतो : कुटुंबाने काय आणायचे आणि कार्यालयाने काय शोधायचे. दुसऱ्या रकान्यासाठी लेखी अर्ज देतो आणि पोच घेतो. आणि त्या दिवशी वडिलांना जे बोललो, त्याबद्दल त्यांची माफी मागितली आहे.

जय भीम.