भिशी मोडताना

आमच्याकडं सोनं एकरकमी कुणी घेत नाही. डेअरीचा दहा दिवसांचा पगार आला की त्यातून पेंड-भुसा, किराणा भागवून जे उरेल ते बायका लुगड्याच्या घडीत ठेवतात आणि महिन्याच्या बाजारादिवशी तालुक्याच्या सराफाकडं भरतात. योजनेला छापील नाव असतं, पण बायका तिला सोन्याची भिशीच म्हणतात.

आईची भिशी दोन हजारांची होती. अकरा हप्ते आपण भरायचे, बारावा दुकानदार घालणार आणि चोवीस हजारांचा दागिना मिळणार. मुदत अकराच महिन्यांची का, हे मला पुष्कळ पुढं कळलं. कंपनीनं मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालापोटी वळती झाली नाही, तर २०१४ च्या नियमांनुसार ती ठेव ठरते आणि ठेवीचे कडक कायदे लागू होतात. म्हणून वर्ष भरायच्या आत हिशेब मिटवायचा. याचाच दुसरा अर्थ असा, की हे पैसे बँकेतल्या ठेवीसारखे नसतात. त्यांना विमा नसतो, व्याज नसतं. ती मालाची इसार असते.

सात हप्ते झाले आणि ऐन मार्चात बोअरची मोटर जळाली. ऊस उभा होता, पाण्यावाचून पंधरा दिवसांत वाळला असता. ताईच्या लग्नासाठी जमवलेलं मोडायचं म्हणजे आईच्या जिवावर आलं होतं, पण ऊस गेला तर लग्नच कशावर करायचं?

मी कार्ड घेऊन आईबरोबर दुकानात गेलो. कार्डाच्या मागं बारीक अक्षरात नियम होते. मुदतीआधी बंद केल्यास दुकानदाराचा हप्ता मिळणार नाही. सात भरले म्हणून बाराव्यातला सात अकरांशही नाही, तो पूर्णच जातो. भरलेल्या रकमेवर व्याज नाही. सुरुवातीला भेट दिलेल्या स्टीलच्या डब्याची किंमत, साडेतीनशे रुपये, वजा होणार. बाकीचे चेकनं मिळणार.

काउंटरवरचा पोरगा गोड बोलला, "मावशी, पैसे कशाला काढताय? चौदा हजारांचे झुबे घ्या. डब्याचे कापत नाही."

दादा कानात म्हणाला, "घे की. पलीकडच्या गल्लीत मोडू. साडेतीनशे वाचतील."

आईनं पोराला विचारलं, "मजुरी किती?"

"बारा टक्के. वर तीन टक्के जीएसटी."

मी तिथंच पावतीच्या मागं हिशेब मांडला. चौदा हजारांतून मजुरी आणि कर गेला की झुब्यात सोनं उरत होतं साधारण बारा हजार एकशे तीसचं. पलीकडचा सराफ मोडीत मजुरी धरत नाही, कर धरत नाही, वर घट कापतो. म्हणजे साडेतीनशे वाचवायला दोन हजारांवर पाणी सोडायचं. आईनं आकडा ऐकला आणि म्हणाली, "चेक लिव्हा."

तेरा हजार सहाशे पन्नासचा चेक मिळाला.

घरी आल्यावर आईला हळहळ होती ती त्या बाराव्या हप्त्याची. "दोन हजार बुडालं," असं ती चुलीपुढं पुन्हा पुन्हा म्हणायची. तेव्हा मी पुरी मुदत धरून तोच हिशेब केला. बावीस हजार भरून चोवीस हजारांचा दागिना; त्यातून बारा टक्के मजुरी आणि कर वजा केला तर सोनं येतं वीस हजार आठशेचं. दुकानदारानं घातलेले दोन हजार तोच मजुरीत अडीच हजार करून परत घेत होता. काही दुकानं मुदत पुरी करणाऱ्याला मजुरी माफ करतात. तिथं मध्येच सोडणाऱ्याचं खरंच मोठं नुकसान होतं, कारण हप्ता आणि माफी दोन्ही हातचं जातं. आमच्या कार्डावर तशी माफी नव्हती. शिवाय नाणं किंवा बिनघडाईची वेढणी या योजनेत घेता येणार नाही, असंही छापलेलं होतं. जिथं मजुरी नाममात्र, तिथं भिशी चालत नव्हती.

एक गोष्ट मात्र खरोखर गेली. आमची भिशी रुपयांची होती. काही दुकानांत प्रत्येक हप्त्याला त्या दिवसाच्या भावानं ग्रॅम जमा होतात. आमचे सात महिने रुपयेच राहिले आणि भाव तेवढ्यात चढला. चौदा हजारांत पहिल्या महिन्याला जेवढं सोनं आलं असतं, तेवढं आता येत नव्हतं.

मोटर बसली. ऊस कारखान्याला गेला. बिल आल्यावर आईनं भिशी पुन्हा लावली नाही. तिनं वेढणी घेतली, तीन ग्रॅमची, वजन आणि शुद्धता पावतीवर लिहून. सराफानं विचारलं, "मावशी, नक्षीचं काही दाखवू का?"

"लग्नात आटवून मणी करायचेत," आई म्हणाली. "नक्षी कशाला?"