'प्रोफाइल होल्डवर आहे' म्हणजे नेमके काय?

नोकरीला लागलेल्या किंवा लागू पाहणाऱ्या मुलामुलींच्या घरात आजकाल दोन शब्द रोज ऐकू येतात. एक 'इन प्रोसेस' आणि दुसरा 'प्रोफाइल ऑन होल्ड'. मुलगा मोबाइल उघडतो, शब्द वाचतो आणि मोबाइल ठेवून देतो. काय झाले विचारले तर म्हणतो, काही नाही, प्रोसेसमध्ये आहे. पूर्वी 'कळवू' असे उत्तर मिळायचे, पण त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. या नव्या शब्दांचा अर्थ मात्र भल्याभल्यांना लागत नाही.

आमच्या घरी हा प्रश्न आला तो थोरल्या मुलीमुळे. पुसदला इंजिनिअरिंग झाल्यावर ती नागपूरच्या एका छोट्या कंपनीत दोन वर्षांपासून सॉफ्टवेअर टेस्टिंगचे काम करते. पुण्याच्या एका कंपनीसाठी तिथल्याच एका कन्सल्टन्सीमार्फत तिने अर्ज केला. दोन मुलाखती झाल्या, दोन्ही चांगल्या गेल्या. तीन आठवडे 'इन प्रोसेस' आणि मग एके दिवशी 'प्रोफाइल ऑन होल्ड'. त्याच सुमारास नागपूरच्याच दुसऱ्या एका कंपनीने तिला ऑफर दिली. पगार पुण्यापेक्षा कमी, आणि उत्तर शुक्रवारपर्यंत हवे. पुण्याची वाट पाहावी तर हातातले जाते. नागपूरला होकार द्यावा तर पुण्याहून उद्याच फोन आला तर काय?

बकरी ईदला आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा पुण्याहून आला होता. तो सहा वर्षांपासून अशाच भरतीच्या कामात आहे, मात्र आमच्या मुलीच्या अर्जाशी त्याचा काही संबंध नव्हता. म्हणून आम्ही त्याला मोकळेपणाने विचारले, "बेटा, हे होल्ड म्हणजे हो की नाही?"

तो हसला. म्हणाला, "चाची, आधी हे समजून घ्या की तो शब्द कुणी तुमच्यासाठी लिहिलेला नसतो. आमच्या सिस्टीममध्ये चारपाच ठरलेले शब्द असतात, त्यातला एक निवडावा लागतो. आतल्या बाजूला आम्हाला जास्त बारीक माहिती दिसते. उमेदवाराला फक्त वरचे झाकण दिसते."

'इन प्रोसेस'च्या झाकणाखाली काहीही असू शकते, असे त्याने सांगितले. बायोडाटा अजून कुणी उघडलेला नसतो, तेव्हाही हाच शब्द. मुलाखत घेणाऱ्या साहेबाने आपला अभिप्राय भरलेला नसतो, तेव्हाही हाच. आणि पगाराच्या मंजुरीसाठी फाइल वरच्या टेबलावर गेलेली असते, तेव्हाही हाच. म्हणून 'स्टेटस काय आहे' असे विचारले की तोच शब्द परत मिळतो. विचारायचे ते असे : मुलाखतीचा अभिप्राय आला का? फाइल आता कुणाकडे आहे? पुढचा टप्पा कोणता?

'होल्ड'चे मात्र मुख्य दोन प्रकार. पहिल्यात जागाच थांबलेली असते. ज्या कामासाठी माणसे घ्यायची ते काम परदेशी ग्राहकाने पुढे ढकलले किंवा वरून खर्चाला मंजुरी मिळाली नाही. त्यात उमेदवाराचा काही दोष नसतो. दुसऱ्या प्रकारात जागा चालू असते, पण ऑफर दुसऱ्याला गेलेली असते आणि तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर असता.

"मग सरळ नाही का सांगत नाहीत?" आमचा प्रश्न.

"कारण पहिला येईल याची खात्री नसते, चाचा. आयटीत राजीनामा दिल्यावरही दोन-तीन महिने नोटीस पाळावी लागते. तेवढ्या काळात तो दुसरीकडून जास्त पगार मिळवून आम्हाला टाळू शकतो. तो रुजू होईपर्यंत दुसऱ्याला नाही म्हणून मोकळे करणे कंपनीला परवडत नाही. म्हणून असा होल्ड दोन-तीन महिने सहज चालतो."

दोन प्रकार ओळखायचे कसे, तेही त्याने सांगितले. जागा थांबली असेल तर सगळ्यांच्याच मुलाखती थांबतात आणि जाहिरात उतरते किंवा जुनी होत जाते. जाहिरात नव्या तारखेने पुन्हा दिसत असेल, ओळखीच्या कुणाला त्याच जागेसाठी बोलावणे येत असेल आणि आपण मात्र होल्डवर असू, तर थांबलेली जागा नाही, आपण आहोत.

आणखी एक गोष्ट आम्हाला नवी होती. कन्सल्टन्सीला पैसे कंपनी देते, बहुतेक वेळा उमेदवाराच्या वार्षिक पगाराचा ठरावीक हिस्सा. ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, हा दर बराच चालतो. पण तो मिळतो उमेदवार रुजू झाल्यावर, आणि तो काही महिन्यांतच सोडून गेला तर पैसे परत करावे लागतात किंवा बदली माणूस द्यावा लागतो. त्यामुळे आशा जिवंत ठेवण्यात कन्सल्टन्सीचे काही जात नाही. शिवाय पुष्कळदा तिलाच कंपनीकडून 'होल्ड' एवढाच शब्द आलेला असतो. आणि एकदा बायोडाटा तिच्यामार्फत गेला की तो बहुधा सहा महिने तिच्या नावावर राहतो. त्या काळात थेट अर्ज केला तर 'डुप्लिकेट' म्हणून बाजूला पडतो. तेव्हा बायोडाटा कोणत्या तारखेला पाठवला हेही विचारून ठेवावे.

"आणि होल्ड काढायला कुणी पैसे मागितले तर?" आम्ही विचारले. "तर तिथेच फोन ठेवा," तो म्हणाला. "पैसे कंपनीकडून येतात, उमेदवाराकडून नाही."

दुसऱ्या दिवशी मुलीने आपल्या रिक्रूटर मॅडमना फोन केला. आम्ही बाजूलाच बसलो होतो. तिने तीनच प्रश्न विचारले. "मॅडम, होल्ड जागेवर आहे की माझ्या प्रोफाइलवर? या जागेसाठी कुणाला ऑफर गेली आहे का? मला शुक्रवारी दुसरीकडे उत्तर द्यायचे आहे, त्याआधी कंपनीकडून लेखी काही मिळू शकेल का?"

पहिल्याला मॅडम म्हणाल्या, जागा चालू आहे. दुसऱ्याला थोडे थांबून म्हणाल्या, ते मला सांगता येणार नाही. तिसऱ्याला म्हणाल्या, विचारून सांगते. बुधवार गेला, गुरुवारी संध्याकाळी निरोप आला : या आठवड्यात लेखी काही देता येणार नाही, पण प्रोफाइल चांगले आहे, संपर्कात राहा.

जागा चालू आहे, ऑफरबद्दल बोलता येत नाही, लेखी काही नाही. तिन्ही उत्तरे जोडली तर अर्थ एकच निघत होता. मुलगी दुसऱ्या क्रमांकावर होती. तिचा क्रमांक लागणार की नाही हे एका अनोळखी माणसाच्या मर्जीवर होते, आणि ते कळायला दोन-तीन महिने. शुक्रवारी तिने नागपूरला होकार कळवला आणि पुण्याच्या मॅडमनाही तसे दोन ओळींत लिहिले, कारण त्याच क्षेत्रात पुढे पुन्हा गाठ पडते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ऑफर लेटर हातात आले म्हणजे 'इन प्रोसेस' संपले असेही नसते. इन्फोसिसने २०२२ च्या तुकडीला ऑफर दिल्यावर सुमारे दोन हजार मुलांचे रुजू होणे दोन वर्षे लांबल्याची तक्रार 'नाइट्स' या पुण्याच्या आयटी कर्मचारी संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे केली होती. म्हणून नागपूरच्या पत्रातही आम्ही आधी रुजू होण्याची तारीख पाहिली. ती छापलेली होती. तेव्हाच मुलीने जुन्या कंपनीत राजीनामा दिला.

नव्या नोकरीत तिला आता चार महिने झाले. पुण्याच्या त्या अर्जासमोर आजही 'प्रोफाइल ऑन होल्ड' असेच दिसते. तो शब्द बदलणे हे कुणाचेच काम नसावे. मुलगी आता तो उघडून पाहत नाही.